पगारदाराच्या प्राप्तिकराची वर्कशीट: क्रम, घरभाडे भत्ता आणि बारा लाखांच्या पुढचे ४३ हजार

प्रश्न: कॉमर्सच्या वर्गासाठी पगारदार माणसाच्या प्राप्तिकराची वर्कशीट तयार करतेय. एकच गणित जुन्या आणि नव्या दोन्ही प्रणालींत सोडवून दाखवायचंय. मुलं वजावटी कुठेही टाकतात, आणि नव्या प्रणालीत तर चौघांची चार उत्तरं येतात. ओळींचा क्रम कसा ठेवू? उदाहरण सोलापूरचं असलं तर बरं.

उत्तर:

मॅडम, सगळ्यात आधी वर्कशीटच्या डोक्यावर ठळक अक्षरांत वर्ष लिहा: आर्थिक वर्ष २०२५-२६, करनिर्धारण वर्ष २०२६-२७. खाली वयही लिहा, कारण जुन्या प्रणालीत साठीनंतर स्लॅब बदलतो. वर्षाचा आग्रह अशासाठी, की नव्या प्रणालीचे स्लॅब २०२४-२५ मध्ये वेगळे होते आणि मुलांच्या हातात सीनियरची जुनी वही असते. खालच्या गणितात त्या वहीतला स्लॅब लावला तर सेस धरायच्या आधीच कर ८८,६०० येतो. बेरीज-वजाबाकी अचूक, उत्तर चूक. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. आपलं गणित २०२५-२६ च्या उत्पन्नाचं, म्हणून इथली कलमं १९६१ च्या कायद्यातली.

आता उदाहरण. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स सांभाळणारे गृहस्थ घेऊ. वय ४१. मूळ पगार महिना ६२,००० आणि महागाई भत्ता १३,०००, जो निवृत्तीच्या लाभांसाठी धरला जातो. घरभाडे भत्ता १८,०००, विशेष भत्ता १२,००० आणि दिवाळीला बोनस ३०,०००. वर्षाचा ढोबळ पगार १२,९०,०००. कंपनी त्यांच्या पगारातून महिना ९,००० पीएफ कापते, आणि व्यवसाय कर अकरा महिने २०० व फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००.

एप्रिल ते जून ते साखर पेठेत वडिलांच्या घरी राहिले, भाडं नाही. जुलैपासून जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, भाडं महिना १५,०००. बचत खात्यावर ६,००० व्याज आलं, मुदत ठेवींवर २२,०००. विम्याचा वार्षिक हप्ता २४,०००, पॉलिसी २०१६ ची, विमा रक्कम दोन लाख. मुलीच्या शाळेला २६,००० भरले. पावतीत शिक्षण शुल्क १४,०००, बाकी बस आणि विकास निधी. स्वतःच्या कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा हप्ता १८,०००. आई ६८ वर्षांची, तिचा विमा नाही. तिच्या औषधोपचारावर २२,००० खर्च झाले आणि ते सगळे यूपीआयने दिले.

गणित देताना माहिती अशी विस्कटूनच द्या. नीट लावलेली माहिती दिली की मुलं नुसती वजाबाकी करतात.

तीन जागा

वजावट कुठेही टाकली जाते, कारण मुलांच्या डोक्यात सगळ्याच कमी होणाऱ्या रकमा एका पोत्यात असतात. वर्कशीटमध्ये त्यांच्यासाठी तीन वेगळ्या जागा ठेवा आणि त्या दुहेरी रेषांनी तोडा. पहिली जागा पगारातल्या करमुक्त भागाची, म्हणजे घरभाडे भत्त्यातला जो भाग उत्पन्नात धरलाच जात नाही तो. दुसरी पगाराच्या शीर्षातून होणाऱ्या वजावटीची, कलम १६ खालची: प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर. तिसरी सर्व शीर्षांची बेरीज, म्हणजे ढोबळ एकूण उत्पन्न, मांडून झाल्यावरची: ८०सी, ८०डी, ८०टीटीए वगैरे.

मुलं विचारतील, शेवटी वजाच करायचं तर कुठे केलं याने काय बिघडलं? जुन्या प्रणालीत एखाद्या वेळी अंतिम आकडा खरोखरच तोच येतो. पण नव्या प्रणालीत प्रत्येक जागेचं वेगळं होतं. पहिल्या जागेतला घरभाडे भत्ता मिळत नाही. दुसऱ्या जागेत प्रमाणित वजावट राहते, उलट ५० हजारांची ७५ हजार होते, पण व्यवसाय कर वजा होत नाही. तिसऱ्या जागेतलं जवळजवळ सगळं जातं. नोकरदाराच्या कामाचं त्यातलं ८०सीसीडी(२) राहतं, म्हणजे मालकाने एनपीएसमध्ये भरलेली रक्कम. जागा वेगळ्या ठेवल्या की दुसऱ्या रकान्यात काय खोडायचं ते आपोआप दिसतं.

पीएफचंही इथेच सांगून टाका. कंपनीने स्वतःच्या खिशातून भरलेला बारा टक्क्यांपर्यंतचा हिस्सा उत्पन्नात धरायचा नाही. गृहस्थांच्या पगारातून कापलेले ९,००० मात्र पगारातून वजा करायचे नाहीत; ते पगारातच राहतात आणि पुढे ८०सीमध्ये दिसतात. हातात आलेल्या पगारापासून सुरुवात करणारा मुलगा पीएफची वजावट दोनदा घेतो. ही चूक ओळखणं सोपं आहे: त्याचा ढोबळ पगार १२,९०,००० च्या जागी ११,८२,००० असतो, फरक बरोबर १,०८,०००.

घरभाडे भत्ता महिन्यांच्या तुकड्यांत

करमुक्त भत्ता तीन रकमांतली सर्वात लहान असते: मिळालेला भत्ता, दिलेल्या भाड्यातून पगाराचे दहा टक्के वजा जाता उरणारी रक्कम, आणि पगाराचे चाळीस टक्के. या गणितापुरता पगार म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, महिना ७५,०००. विशेष भत्ता आणि बोनस यात येत नाहीत. पन्नास टक्के २०२५-२६ मध्ये फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला. सोलापूर चाळीसमध्ये आणि पुणेसुद्धा चाळीसमध्येच. पुण्याला वर्गातले अर्धे जण पन्नास लावतात.

हे तीन महिने बिनभाड्याचे मी मुद्दाम घातलेत. मुलं वर्षाचं भाडं काढतात १,३५,०००, त्यातून वर्षाच्या पगाराचे दहा टक्के, ९०,०००, वजा करतात आणि ४५,००० करमुक्त लिहितात. ते बरोबर नाही. भाडं, पगार, भत्ता किंवा गाव यांतलं काहीही वर्षात बदललं की तेवढ्या कालावधीचा हिशोब वेगळा करावा लागतो. एप्रिल ते जून भाडं नाही, म्हणून त्या काळात करमुक्त शून्य; मिळालेले ५४,००० पूर्ण करपात्र. पण त्या तीन महिन्यांचे दहा टक्के पुढच्या भाड्यातून कापायचंही कारण नाही. जुलै ते मार्च या नऊ महिन्यांत भत्ता मिळाला १,६२,०००. भाडं वजा दहा टक्के, म्हणजे महिना ७,५००, नऊ महिन्यांचे ६७,५००. पगाराचे चाळीस टक्के २,७०,०००. सर्वात लहान ६७,५००, तेवढाच करमुक्त. सबंध वर्ष एकत्र घेणाऱ्याने गृहस्थांचं २२,५०० रुपयांचं नुकसान केलं.

वर्कशीटमध्ये यासाठी एक छोटा चौकोन वेगळा काढा, त्यात कालावधीला एक ओळ. मुख्य हिशोबात फक्त ६७,५०० हा आकडा जाऊ द्या. आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की कंपनीकडे घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, हे तोंडी सांगा. मुलं उद्या कुठल्या तरी ऑफिसात बसून हीच कागदपत्रं गोळा करणार आहेत.

८०सी: पावतीवरचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका

मुलांची बेरीज ठरलेली: पीएफ १,०८,०००, विमा २४,०००, शाळा २६,०००, एकूण १,५८,०००, मर्यादा दीड लाख, म्हणून १,५०,०००. नीट पाहिलं तर विम्याच्या हप्त्याला मर्यादा आहे. १ एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीला विमा रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंतच हप्ता धरतात. दोन लाखांवर तो २०,०००. शाळेचं फक्त शिक्षण शुल्क चालतं, बस आणि विकास निधी नाही, म्हणून १४,०००. खरी बेरीज १,४२,०००. दीड लाखाला हात लागत नाही, त्यामुळे या दोन्ही चुका उत्तरात उतरतात. माझ्या मते या प्रकरणातलं गणित नेहमी मर्यादेच्या आतच ठेवावं. एकूण दोन-अडीच लाख देऊन ठेवले की मुलाने काहीही धरलं तरी दीड लाखच येतात, आणि त्याला काय कळलं ते तुम्हाला कळत नाही.

८०डीत कुटुंबाचे १८,००० (मर्यादा २५,०००) आणि आईचे २२,००० (मर्यादा ५०,०००). आईचा विमा नसताना नुसता औषधोपचाराचा खर्च चालतो, कारण ती ज्येष्ठ नागरिक आहे आणि पैसे रोखीने दिलेले नाहीत. चाचणीत पुढच्या वेळी 'यूपीआयने' खोडून 'रोख' लिहा आणि किती जण थांबतात बघा.

८०टीटीए फक्त बचत खात्याच्या व्याजाला, इथे ६,०००. मुदत ठेवीच्या व्याजाला ती नाही. ज्येष्ठांना ठेवींसकट व्याजावर सवलत मिळते ती ८०टीटीबी, आणि आपले गृहस्थ एक्केचाळीसचे.

पूर्ण वर्कशीट

| तपशील | जुनी प्रणाली | नवी प्रणाली |
|---|---:|---:|
| ढोबळ पगार | १२,९०,००० | १२,९०,००० |
| वजा: करमुक्त घरभाडे भत्ता | ६७,५०० | — |
| वजा: प्रमाणित वजावट | ५०,००० | ७५,००० |
| वजा: व्यवसाय कर | २,५०० | — |
| पगारापासून उत्पन्न | ११,७०,००० | १२,१५,००० |
| अधिक: व्याज (इतर मार्गांनी उत्पन्न) | २८,००० | २८,००० |
| ढोबळ एकूण उत्पन्न | ११,९८,००० | १२,४३,००० |
| वजा: ८०सी | १,४२,००० | — |
| वजा: ८०डी | ४०,००० | — |
| वजा: ८०टीटीए | ६,००० | — |
| एकूण उत्पन्न | १०,१०,००० | १२,४३,००० |
| स्लॅबप्रमाणे कर | १,१५,५०० | ६६,४५० |
| वजा: रिबेट / मार्जिनल रिलीफ | — | २३,४५० |
| शिल्लक कर | १,१५,५०० | ४३,००० |
| अधिक: सेस ४ टक्के | ४,६२० | १,७२० |
| एकूण कर | १,२०,१२० | ४४,७२० |

आपले आकडे गोल आहेत. नसते तर एकूण उत्पन्न जवळच्या दहा रुपयांपर्यंत पूर्ण करायचं असतं.

जुन्या प्रणालीचा स्लॅब सरळ आहे. पहिले अडीच लाख मोकळे, पुढच्या अडीच लाखांवर ५ टक्के म्हणजे १२,५००, पाच ते दहा लाखांवर २० टक्के म्हणजे एक लाख, आणि वरच्या १०,००० वर ३० टक्के म्हणजे ३,०००. पाच लाखांच्या वर असल्यामुळे रिबेट नाही. यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवू नका.

नव्या प्रणालीतली चार उत्तरं

आता तुमचा खरा प्रश्न. याच गणितात मुलांची उत्तरं येतील ती अशी: शून्य, ६,७०८, ६९,१०८ आणि ४४,७२०. प्रत्येकामागे एक ठराविक समज आहे, त्यामुळे नुसतं उत्तर पाहून मूल कुठे चुकलं ते सांगता येतं.

शून्य आणणाऱ्याने ८०सी, ८०डी वगैरे नव्या रकान्यातही वजा केल्या. उत्पन्न बारा लाखांच्या खाली आलं आणि रिबेटने सगळा कर पुसला.

६,७०८ आणणाऱ्याने 'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य ऐकलंय आणि ते स्लॅबवर लावलंय. वरच्या ४३,००० वर १५ टक्के म्हणजे ६,४५०, त्यावर सेस. बाहेर बोलण्यात हेच वाक्य फिरतं, म्हणून मूल यात फसतं. पण स्लॅब बारा लाखांपर्यंत मोकळा नाही. मोकळे आहेत फक्त पहिले चार लाख. चार ते आठवर ५ टक्के, २०,०००. आठ ते बारावर १० टक्के, ४०,०००. बारा ते सोळावर १५ टक्के. म्हणजे बारा लाखांवर ६०,००० कर बसतोच. तो माफ होतो कलम ८७ए च्या रिबेटने, ज्याची कमाल रक्कम तेवढीच, ६०,०००. आणि रिबेटची अट एकूण उत्पन्न बारा लाखांपर्यंत असण्याची. एक रुपया वर गेला की ती अट मोडते आणि सगळे ६०,००० परत उभे राहतात.

६९,१०८ आणणाऱ्याला एवढं कळलेलं असतं. रिबेट नाही, म्हणून ६६,४५० अधिक सेस २,६५८. हा मुलगा चौघांतला हुशार, फक्त त्याची एक ओळ राहिली.

ती ओळ मार्जिनल रिलीफची. बारा लाख उत्पन्न असणाऱ्याला कर शून्य, आणि ४३,००० जास्त कमावणाऱ्याला ६६,४५०? म्हणजे जास्त कमावून तो २३,४५० ने मागे पडला. हे होऊ नये म्हणून कायदा म्हणतो, बारा लाखांच्या वर जितकं उत्पन्न असेल त्यापेक्षा कर जास्त नसावा. वरचं उत्पन्न ४३,०००, म्हणून कर ४३,०००; फरकाचे २३,४५० हा रिलीफ. सेस त्यानंतर, ४३,००० वर लावायचा. त्यामुळे एकूण ४४,७२० होतात आणि ते वाढीव उत्पन्नापेक्षा थोडे जास्तच आहेत. मुलं यावर हरकत घेतील. हरकत रास्त आहे, पण रिलीफ करावर आहे, सेस त्याच्या बाहेर.

हा रिलीफ कुठपर्यंत पुरतो ते फळ्यावर काढून घ्या. बारा लाखांच्या वरच्या रकमेला क्ष म्हणा. ६०,००० + ०.१५ क्ष हा कर जोपर्यंत क्ष पेक्षा मोठा आहे तोपर्यंत रिलीफ. दोन्ही बाजू समान केल्या की क्ष येतो सुमारे ७०,५८८. म्हणजे एकूण उत्पन्न १२,७०,५८८ च्या पुढे गेलं की रिलीफ संपतो. बीजगणित आठवीचं आहे, पण कॉमर्सच्या मुलांना त्याचा इथे पैशात उपयोग दिसतो.

संगणकावर वर्कशीट करत असाल तर नव्या प्रणालीचं एकूण उत्पन्न C12 मध्ये आणि स्लॅबचा कर C13 मध्ये ठेवून 'शिल्लक कर' या ओळीत एवढंच पुरतं:

```
=IF(C12<=1200000,0,MIN(C13,C12-1200000))
```

हे सूत्र निवासी व्यक्तीच्या साध्या पगार-व्याजाच्या उत्पन्नासाठी आहे. शेअर विकून झालेला विशेष दराचा नफा असेल तर त्याच्या करावर हा रिबेट चालत नाही, म्हणून तसलं उत्पन्न या वर्कशीटमध्ये घालू नका.

२८,००० व्याज, २९,१२० कर

वर्कशीट 'एकूण कर' या ओळीला संपवू नका. खाली टीडीएस आणि देय कर या दोन ओळी घाला. माझ्याकडे येणाऱ्या पगारदारांचा घोळ असतो तो नेमका इथे.

कंपनीला गृहस्थांच्या ठेवी माहीत नाहीत. तिने नव्या प्रणालीत १२,१५,००० धरले. स्लॅबचा कर ६२,२५०, रिलीफने तो १५,०००, सेस ६००. फॉर्म १६ मध्ये टीडीएस १५,६००. बँकेने ठेवीवर काही कापलं नाही, कारण व्याज ५०,००० च्या आत होतं. गृहस्थांनी गृहीत धरलं की कापलं नाही म्हणजे करपात्र नाही. पण व्याज एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रात, दिसतं आणि विवरणपत्रात धरावंच लागतं. धरल्यावर कर ४४,७२०, वजा १५,६००, देय २९,१२०.

एकूण व्याज किती होतं? २८,०००. त्यावर कर २९,१२०. मुलांना हा आकडा आधी दाखवा आणि चूक शोधायला सांगा. सापडणार नाही, कारण चूक नाही. या पट्ट्यात वरचा प्रत्येक रुपया पूर्णच्या पूर्ण करात जातो आणि वर चार टक्के सेस. पंधरा टक्क्यांचा स्लॅब कागदावर आहे, पण १२ लाख ते १२,७०,५८८ मध्ये वाढणाऱ्या रुपयावर प्रत्यक्ष दर १०४ टक्के पडतो. त्यात ८०टीटीएचे ६,००० ही नव्या प्रणालीत मिळत नाहीत, म्हणजे बचत खात्याचं व्याजही याच तावडीत.

देय रक्कम १०,००० च्या वर आहे, म्हणून हा कर वर्षातच आगाऊ भरायला हवा होता. जुलैत विवरणपत्र भरताना एकदम भरला तर कलम २३४बी खाली एप्रिल ते जुलै चार महिन्यांचं दरमहा एक टक्क्याने व्याज लागतं. रक्कम शंभराच्या पटीत खाली आणून २९,१०० वर १,१६४. हप्ते चुकल्याचं २३४सी चं व्याज निराळं. व्याजाचा अंदाज वर्ष संपायच्या आधी कंपनीला लेखी कळवला असता तर तिने टीडीएसमध्येच तो धरला असता आणि ही भानगड झाली नसती.

मग जुनी घ्यावी की नवी?

इथे नवी ७५,४०० ने स्वस्त. तरी मुलांना एक उलट प्रश्न द्या: जुनी प्रणाली बरोबरीत यायला आणखी किती वजावट लागेल? नव्यातला सेसपूर्व कर ४३,०००. जुन्या स्लॅबमध्ये ४३,००० कर येतो ६,५२,५०० वर: आधीचे १२,५००, आणि उरलेले ३०,५०० म्हणजे १,५२,५०० चे २० टक्के. आपलं जुन्यातलं उत्पन्न १०,१०,०००. म्हणजे आणखी ३,५७,५०० ची वजावट हवी. स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची कमाल मर्यादा दोन लाख; ती पूर्ण धरली तरी उत्पन्न ८,१०,००० आणि कर ७४,५०० राहतो. या पगाराला या वर्षी जुनी प्रणाली क्वचितच परवडते. नवी प्रणाली काहीच न निवडल्यास आपोआप लागते, आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला दरवर्षी बदलता येते. पण जुनी घ्यायची तर विवरणपत्र मुदतीतच भरावं लागतं.

नव्या प्रणालीत या गृहस्थांना एकच खरा मार्ग होता, एनपीएसचा. विशेष भत्त्यातले वर्षाचे ४३,००० कंपनीने कमी करून मालकाचा हिस्सा म्हणून एनपीएसमध्ये भरले असते, तर ते पगारात धरून ८०सीसीडी(२) खाली वजा झाले असते. मर्यादा मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्के, इथे १,२६,०००, त्यामुळे अडचण नाही. एकूण उत्पन्न बरोबर १२,००,०००, कर शून्य. गृहस्थांनी स्वतःच्या खात्यातून भरले तर मात्र नव्या प्रणालीत उपयोग नाही, आणि मार्च संपल्यावर मागे जाऊन पगाराची रचना बदलता येत नाही. पैसे निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकतात हेही सांगा. कर वाचला म्हणजे रोकड हातात राहिली असं नाही.

वर्कशीटच्या शेवटी एक बदल घरी करायला द्या: बोनस ३०,००० ऐवजी ६०,००० धरा. नव्या प्रणालीत एकूण उत्पन्न १२,७३,०००, स्लॅबचा कर ७०,९५०, बारा लाखांच्या वरची रक्कम ७३,०००. कर आधीच लहान, म्हणून रिलीफ शून्य. सेस २,८३८ धरून एकूण ७३,७८८. इथेही ज्याने सवयीने ७३,००० लिहून पुढे सेस लावला, त्याने रिलीफची ओळ पाठ केली आहे. त्याला मघाचं क्षचं समीकरण पुन्हा मांडायला लावा.